लाल टॉर्च असूनही चौकोनात चारच तारे. माझं नेमकं कुठे चुकलं?

पौडफाट्याचा_पक्या | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, परवाच्या अमावास्येला आम्ही पाच जण वेल्ह्याच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो होतो. दिवसा तोरणा केला, संध्याकाळी शेतावर पिठलं-भाकरी आणि साडेसातला सतरंज्या टाकून आडवे झालो. आभाळ एकदम स्वच्छ. पुण्याचा उजेड ईशान्येला खाली दिसत होता तेवढाच.

कुणीतरी म्हणालं, भाद्रपदेचा चौकोन डोक्यावर आलाय, त्याच्या आत किती तारे दिसतात ते मोजू. कोपऱ्यातले चार धरायचे नाहीत. आठला मी मोजले, तीन. साडेआठला चार. नऊ वाजताही चारच. माझ्या आतेभावाने नऊला मोजले तर नऊ! मी म्हटलं फेकतोय. पण त्याने बोटाने एकेक जागा दाखवली आणि नकाशात त्या जागी खरंच तारे होते. देवयानी दीर्घिका मला धुरकट ठिपका दिसली, त्याला चांगली लांबट.

आता गंमत बघा. त्याचा चष्मा साडेतीनचा, माझे डोळे ठणठणीत. तो आयुष्यात पहिल्यांदाच आला होता आणि नुसता लोळत पडला होता. आणि मी? नकाशा, लाल टॉर्च, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून दीड तास पांढरा दिवा नाही, सगळं शास्त्रशुद्ध. नियम मी पाळले आणि तारे त्याला दिसले. माझं काय चुकलं?

---

कट्टा_क्वांटम | सोमवार, रात्री १०:४०

आतेभावाने आधी नकाशा बघून ठेवला असणार, हा.

गंमत सोड. साधी गोष्ट आहे. अंधारात बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, तुझी पूर्ण झाली नसेल. लाल उजेडाची ऊर्जा कमी असते म्हणून त्याने डोळ्यातलं उजेड टिपणारं रसायन र्‍होडॉप्सिन फुटत नाही, त्यामुळे टॉर्चचा दोष नाही. लाल टॉर्च कितीही वेळ लावा, काही फरक पडत नाही.

---

जुनी_दुर्बीण | सोमवार, रात्री ११:२५

क्वांटमराव, तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि राहिलेल्या निम्म्यानेच पक्याचा घात झाला असावा.

बाहुलीपासून सुरू करू. ती काही सेकंदांत बऱ्यापैकी उघडते, पुढच्या काही मिनिटांत उरलेली. दोन मिलिमीटरवरून सात झाली तरी आत येणारा उजेड बारा पटीने वाढला, एवढंच. खरं काम डोळ्याच्या पडद्यावर होतं. दिवसा काम करणाऱ्या पेशी, म्हणजे कोन, अंधारात लवकर तयार होतात, पण आठ-दहा मिनिटांत त्यांची मजल संपते. रात्रपाळी रॉड नावाच्या दुसऱ्या पेशींची. त्यांच्यातलं र्‍होडॉप्सिन दिवसाच्या उजेडाने फुटलेलं असतं आणि ते पुन्हा जुळून यायला वेळ लागतो. कडक उजेडानंतर निम्मं परत यायला साधारण पाच मिनिटं, मग उरलेल्याच्या निम्म्याला पुन्हा पाच, असं चालतं. म्हणून तीस-चाळीस मिनिटं सांगतात. पहिल्या दहा मिनिटांत ‘झाले डोळे तयार’ असं वाटतं ती कोनांची तयारी. त्यानंतर रॉड जी भर घालतात ती शंभर ते हजार पटींची असते.

आता लालचं. लाल फोटॉन ‘अशक्त’ असतो म्हणून र्‍होडॉप्सिन फुटत नाही असं नाही. तो शोषलाच क्वचित जातो, हे खरं कारण. पण एकदा शोषला गेला की रॉडच्या लेखी तो लाल होता की निळा हा भेद उरत नाही, नुकसान तेवढंच. म्हणजे लाल ही सवलत आहे, माफी नव्हे. उजेड भरपूर टाकलात तर क्वचित शोषले जाणारे फोटॉनसुद्धा मोजून पुष्कळ होतात.

पक्या, तीन गोष्टी सांग. टॉर्च कसली? त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येईल का? आणि किती वेळाने लावत होतास?

---

पौडफाट्याचा_पक्या | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, टॉर्च म्हणजे फोनचाच फ्लॅश. अप्पा बळवंत चौकातून जिलेटीन पेपर आणला, दुहेरी करून रबरबँडने बसवला. वर्तमानपत्र आरामात वाचता येईल, छोट्या जाहिरातीसुद्धा. लावत होतो दर चार-पाच मिनिटांनी, नकाशा बघायला. त्यासाठीच तर आणली होती ना.

---

रास्तापेठ_रेखा | मंगळवार, सकाळी ९:३०

छान विषय काढलात. माझ्या आईला (वय ६८) दोन वर्षांपासून रात्री कमी दिसतं. जिन्यातला दिवा गेला की पाय चाचपडत टाकते. तिला लाल दिवा लावून दिला तर रातांधळेपणा कमी होईल का? शेजारच्या काकू गाजराचा रस सांगतायत, तो चालू केलाय.

---

चष्म्याच्या_काचा | मंगळवार, दुपारी १:१५

रेखाताई, लाल दिव्याचा यात काही उपयोग नाही. सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून तो असतो, न दिसणाऱ्याला दिसावं म्हणून नाही. अ जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तरच गाजराने फरक पडेल, कारण र्‍होडॉप्सिन त्याच्यापासूनच बनतं. जेवण नीट असेल तर जास्तीचा रस पिऊन रात्रीची नजर वाढत नाही. या वयात आधी मोतीबिंदू आणि पडदा तपासून घ्या, बाहुलीत थेंब टाकून. उजेडातून अंधारात गेल्यावर सावरायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतोय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पडद्याच्या काही आजारांत ते आधी दिसतं. जिन्याला साधा पिवळा दिवा लावा, पायऱ्यांच्या कडा दिसतील असा.

मूळ धाग्यावर एक शंका. पक्या, दिवसभर तोरण्यावर उन्हात होतास तेव्हा गॉगल होता का?

---

पौडफाट्याचा_पक्या | मंगळवार, दुपारी १:५०

गॉगल नव्हता, टोपी होती. आतेभाऊ तोरण्याला आलाच नाही, त्याची ड्यूटी होती. संध्याकाळच्या एसटीने थेट शेतावर आला.

---

चष्म्याच्या_काचा | मंगळवार, दुपारी २:१०

मग तो एक मुद्दा लक्षात ठेव. समुद्रकिनाऱ्यासारख्या लख्ख उन्हात दिवस काढलेल्या माणसांचे डोळे त्या रात्री उशिरा सरावतात आणि नेहमीइतके तळापर्यंत पोचतही नाहीत, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या चाचण्यांपासून माहीत आहे. तुझ्या पाच ताऱ्यांतला एखादा तारा उन्हाने खाल्ला असेल. सगळे पाच खाल्ले असतील असं मात्र मला वाटत नाही.

---

जुनी_दुर्बीण | मंगळवार, रात्री ९:००

बरोबर, उन्हाचा वाटा असेल. तरी मी आधी त्या जिलेटीनवर संशय घेईन. घरात जुनी सीडी आहे का? खोलीत अंधार कर, सीडीच्या चकचकीत बाजूवर त्या टॉर्चचा उजेड पाड आणि सीडी तिरकी करत करत प्रतिबिंबाशेजारी उमटणारा रंगांचा पट्टा बघ. खरा लाल दिवा असेल तर फक्त लाल पट्टा दिसेल. दुसरा कुठला रंग दिसला तर सांग.

---

पौडफाट्याचा_पक्या | मंगळवार, रात्री ९:४८

काका!! लाल पट्टा, मग काळी फट, आणि तिच्यापलीकडे चक्क निळा पट्टा. चांगला ठसठशीत. मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, ‘हा कागद लाल कुठंय, राणी कलर आहे.’ दिवसाच्या उजेडात दोन पदरी धरून पाहिला तर खरंच राणीकडे झुकतोय.

---

जुनी_दुर्बीण | मंगळवार, रात्री १०:३०

वहिनींनी निदान केलं, माझी गरज नव्हती.

फोनचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही निळा उजेड शोषून हिरवा-पिवळा-लाल देतो आणि उरलेला निळा तसाच बाहेर येतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. राणी रंगाचा कागद मधला हिरवा अडवतो आणि लाल-निळा दोन्ही सोडतो, तीच तुझी काळी फट. आणि निळ्यासाठी त्याचे चार पदर घेतले तरी फार फरक पडत नाही.

रॉडांना सगळ्यात जास्त दिसतो तो ५०० च्या आसपासचा हिरवट-निळा. ४५० लाही त्यांची नजर त्याच्या निम्म्याच्या जवळपास असते. नेहमीच्या लाल एलईडीच्या ६३० ला ती तीनशेव्या भागावर येते. म्हणजे तुझ्या कागदातून सुटलेला थोडासा निळा उजेड, तेवढ्याच ऊर्जेच्या लाल उजेडापेक्षा रॉडांना शंभराहून जास्त पटींनी जाणवला. तू कोनांनी बघत होतास, तुला सगळं लाल-गुलाबी दिसलं. रॉड मात्र निळ्या टॉर्चखाली बसले होते.

त्यात दर चार-पाच मिनिटांनी. एका नजरेने र्‍होडॉप्सिन सगळं फुटत नाही, ‘एकदा फोन बघितला की पुन्हा अर्धा तास’ हे जे ऐकवतात ते खूप ताणलेलं आहे. पण थोडंसं जरी फुटलं तरी रॉडांची संवेदना त्या प्रमाणाच्या कितीतरी जास्त पटीने उतरते आणि वर यायला काही मिनिटं घेते. ती वर यायच्या आत तू परत नकाशा उघडत होतास. साडेआठला चार, नऊला चार, याचा अर्थ एवढाच की तू दीड तास कोनांच्या मजल्यावरच घुटमळत होतास. आतेभाऊ लोळत पडला होता, तेच त्याचं शास्त्र.

---

कट्टा_क्वांटम | मंगळवार, रात्री ११:०२

‘शोषला गेला की भेद नाही’ हे पटलं, शब्द मागे घेतो. बाहुलीचा पण घेतो. आतेभावाबद्दलचा मात्र नाही.

---

तपकीरगल्ली_रिटर्न्स | बुधवार, सकाळी ११:२०

जिलेटीनच्या नादी लागूच नका. लाल एलईडी मुळातूनच लाल असतो, गाळायला काही लागत नाही. पाच मिलिमीटरचा साधा लाल एलईडी, पेन्सिल सेल दोन, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत उजेड कमी-जास्त करायला १० के चा पॉट. एलईडीला दोन व्होल्टच्या आत-बाहेर लागतात, उरतो एक व्होल्ट, म्हणजे पॉट एका टोकाला दोन मिलिअँपिअरच्या जरा वर आणि दुसऱ्या टोकाला ०.१. हे दुसरं टोक महत्त्वाचं आहे. बाजारातल्या बहुतेक लाल हेडटॉर्च सगळ्यात कमीवर ठेवल्या तरी शेत उजळून टाकतात.

एलईडीचं टोक पॉलिश पेपरने घासून दुधी करा, नाहीतर नकाशावर मधोमध झगझगीत ठिपका पडतो आणि कडेचं वाचण्यासाठी तुम्ही उजेड वाढवत बसता. बुधवार पेठेत सगळं सामान सहज मिळतं. डबी म्हणून मी टिकटॅकची वापरली.

---

एकसष्टी_झालेला_अण्णा | बुधवार, दुपारी ४:४५

हे सगळं तरुणांचं झालं. मला लाल उजेडात नकाशातली अक्षरंच वाचता येत नाहीत. वाचायचा चष्मा लावूनही पुसट. मग उजेड वाढवतो, मग पोरं ओरडतात. शिवाय आमच्या जुन्या नकाशात दीर्घिका लाल लंबगोलाने दाखवल्यात, त्या लाल टॉर्चखाली साफ गायब! पहिल्यांदा वाटलं कागदच कोरा आहे.

---

चष्म्याच्या_काचा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

अण्णा, दोष तुमच्या चष्म्याचा नाही. डोळ्यात लाल उजेड पिवळ्या-हिरव्यापेक्षा थोडा मागे, पडद्याच्या पलीकडे एकत्र येतो. तरुण डोळा भिंग जरा जास्त आवळून ते निभावतो. तुमचं भिंग आता आवळत नाही. वाचायच्या चष्म्यापेक्षा पाव ते अर्ध्या नंबराने जास्त असलेला स्वस्तातला रेडीमेड चष्मा फक्त आकाशदर्शनासाठी ठेवा आणि नकाशा मोठ्या अक्षरांत छापून घ्या. उजेड वाढवण्यापेक्षा हे बरं. लाल शाईला मात्र उपाय नाही, पांढरा कागद आणि लाल शाई दोन्ही तो उजेड सारखाच परतवतात. काळ्या पेनने गिरवून टाका.

---

उडता_मावळा | बुधवार, रात्री ८:१०

अण्णांच्या मुद्द्यावरून आठवलं. विमानात एकेकाळी कॉकपिटला लाल दिवेच असत. युद्धकाळात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिक लाल गॉगल घालून उजेडात बसत, म्हणजे पत्ते खेळायला, वाचायला कोन आणि रॉड विश्रांतीला. येल विद्यापीठातल्या वॉल्टर माइल्सची ही कल्पना, १९४० च्या दशकातली. पण पुढे कॉकपिटमधला लाल गेला आणि मंद पांढरा, निळसर-हिरवा आला. एक कारण हेच, रंगीत नकाशे वाचता येईनात आणि डोळे ताणायला लागले.

मग मी विचारतो, आकाशदर्शनालाही अगदी मंद पांढरा का नको? हिरव्याला रॉड जास्त संवेदनशील, म्हणजे हिरवा फारच कमी लागेल. लालचा एवढा सोवळेपणा कशाला?

---

जुनी_दुर्बीण | बुधवार, रात्री ९:५५

मावळेसाहेब, प्रश्न रास्त आहे आणि यावर आमच्यातही दोन तट आहेत. माझी बाजू सांगतो.

पायाखालची वाट बघायची असेल, स्टँडचा पाय कुठे आहे ते चाचपायचं असेल, तर तुमचं खरं. तिथे रॉडांनीच बघायचं असतं आणि मंद हिरवा पुरतो. पण बारीक अक्षर वाचताना आपण नजरेचा अगदी मधला बिंदू वापरतो आणि तिथे रॉड नसतातच, नुसते कोन. कोनांना वाचता येईल इतका हिरवा किंवा पांढरा उजेड दिला की भोवतालच्या रॉडांवर तो प्रचंड होतो. तेवढंच वाचता येईल इतक्या लालचा रॉडांवरचा भार कितीतरी कमी. म्हणून वाचायला लाल.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करतो. अगदी मंद लाल रॉडांना अजिबात दिसत नाही हे खरं नाही. साडेसहाशे नॅनोमीटरपर्यंत ते कोनांच्या तोडीस तोड जागे असतात. त्यामुळे भगभगीत लालपेक्षा जेमतेम पांढरा बरा, यात मला शंका नाही. वाद आहे तो दोन्ही जेमतेम असताना किती फरक पडतो याचा, आणि तो माणसागणिक वेगळा येतो असा माझा अनुभव. १९८६ ला हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी आम्ही सायकलच्या मागच्या लाल काचेचा दिवा वापरायचो, बॅटरी उतरलेली. तेवढा मंद दिवा नंतर कधी विकत मिळाला नाही.

उजेड योग्य आहे का ते असं बघायचं. जेमतेम दिसणारा, तिरक्या नजरेनेच सापडणारा एक तारा निवडा. दहा सेकंद नकाशा वाचा. परत वर बघा. दहा-पंधरा सेकंदांत तारा परतला तर टॉर्च ठीक. मिनिट गेलं तरी येत नसेल तर पॉट अजून पिळा.

---

हडपसर_हायबीम | गुरुवार, सकाळी ७:५०

सगळे टॉर्चवर तुटून पडलात. पक्या, बाइक घेऊन गेला होतात ना? २०१७ पासूनच्या गाड्यांना इंजिन चालू असताना हेडलाइट बंद करायची सोयच नाही. मध्येच कुणी पाणी आणायला, सिगरेट आणायला गेलं होतं का?

---

पौडफाट्याचा_पक्या | गुरुवार, सकाळी ८:२०

...गेलं होतं. साधारण पावणेनऊला. बाइक वळवताना झोत सरळ आमच्या सतरंजीवरून गेला. मी शिव्या घातल्या होत्या हे आत्ता आठवतंय. आतेभाऊ तेव्हा हाताचा कोपर डोळ्यावर ठेवून पडला होता, कारण त्याला झोप येत होती.

---

हडपसर_हायबीम | गुरुवार, सकाळी ८:३१

झालं तर मग. बाइक नेहमी शेताकडे पाठ करून लावायची, आणि ढकलत रस्त्यापर्यंत नेऊन मगच सुरू करायची. आम्ही एकदा स्टार्टर मारण्याआधी ‘डोळेऽऽ’ अशी आरोळी ठोकायचा नियम केला होता. गावातली कुत्री भुंकायला लागायची, पण चालायचं.

---

पौडफाट्याचा_पक्या | पुढच्या अमावास्येनंतर, रविवार, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय.

काल परत गेलो. या वेळी दिवसा ट्रेक नाही, टिकटॅकच्या डबीतला दिवा, बाइक उलट्या तोंडाच्या. चौकोन आता पश्चिमेला कलला होता, म्हणून पावणेआठलाच मोजायला घेतलं. साडेसहापासून अंधारातच होतो. माझे आठ, आतेभावाचे नऊ. तो एक जास्तीचा मला शेवटपर्यंत मिळाला नाही.

दुसरा प्रयोग काकांना विचारल्याशिवाय केला. डावा डोळा हाताने घट्ट झाकला आणि उजव्याने फोनची पांढरी स्क्रीन अर्धा मिनिट बघितली. मग एकेक डोळा मिटून आकाश बघितलं. उजव्याने चौकोन रिकामा, नुसते कोपरे. डाव्याने सगळे तारे जागेवर. दोन्ही उघडे ठेवले तर विचित्र वाटतं, जणू आभाळाचा अर्धा थर कुणीतरी उचललाय. उजव्याला परत पाच तारे दिसायला सहा मिनिटं लागली, घड्याळ लावून. आठ व्हायला किती लागली ते मोजणार होतो, पण तेवढ्यात ढग आले.

उडता_मावळा, मंद पांढऱ्याचाही प्रयोग करणार होतो, तो राहिला.

---

जुनी_दुर्बीण | रविवार, रात्री ९:१५

दुर्बिणीचा डोळा झाकून ठेवणं हे आम्ही नेहमीच करतो, नकाशा डाव्याने, दुर्बीण उजव्याने. दोन्ही डोळ्यांचे पडदे आपापलं सरावतात, एकाचा उजेड दुसऱ्याला लागत नाही.

नववा तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे सरळ बघू नकोस. उजव्या डोळ्याने बघताना नजर ताऱ्याच्या जरा उजवीकडे ठेव, म्हणजे तारा नाकाच्या बाजूला राहील. उलटं केलंस तर तो नेमका आंधळ्या डागावर जाऊन बसतो आणि मग तू परत आतेभावाला खोटारडा ठरवशील.

---

उडता_मावळा | रविवार, रात्री ९:४०

पांढऱ्याचा प्रयोग पुढच्या खेपेला मी येऊन करतो. टॉर्च माझी, मोजणारा आतेभाऊ.

---

पौडफाट्याचा_पक्या | रविवार, रात्री ९:५२

आतेभाऊ विचारतोय, पिठलं-भाकरी आहे ना.